‘हम’ म्हणजे नेमके किती जण? क्षेत्रकार्यात भाषेचे नमुने गोळा करताना प्रश्न कसे विचारावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या भाषेचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाला ती भाषा सहसा येत नसते. मग तो हिंदीत, मराठीत किंवा दोघांनाही येणाऱ्या आणखी कुठल्या तरी भाषेत वाक्य सांगतो आणि विचारतो, “हे तुमच्याकडे कसं म्हणतात?” उत्तर मिळतं, वही भरते. त्या वहीतलं कितपत खरं मानायचं, याबद्दल पहिल्यांदा क्षेत्रकार्याला निघालेली मुलं जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं मी एकाच उदाहरणाभोवती दिली आहेत, कारण ते उदाहरण मला स्वतःला फार महागात पडलं होतं.

मधल्या भाषेमुळे बिघडतं ते नेमकं काय?

दोन गोष्टी बिघडतात. त्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिली सहज दिसते. तुम्ही हिंदी वाक्य सांगितलं की समोरचा माणूस त्याच्या साच्यात आपली भाषा बसवतो. शब्दांचा क्रम हिंदीचा, जोडवाक्याची बांधणी हिंदीची, जिथे एरवी सर्वनाम गाळलं असतं तिथेही ते घातलेलं. वाक्य चूक नसतं, पण घरी कोणी तसं बोलत नाही. मराठी माणसाला ‘आय हॅव टू ब्रदर्स’चं भाषांतर करायला लावलं तर ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असं काहीतरी हाती लागू शकतं, तसंच हे.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून जास्त घातक. मधल्या भाषेत जो भेद नाही, तो तुमच्या प्रश्नात येतच नाही. समोरच्याला मात्र उत्तर देताना तो भेद करावाच लागतो. मग तो मनातल्या मनात एखादी परिस्थिती धरतो आणि तिला साजेसं रूप देतो. त्याने कोणती परिस्थिती धरली हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही त्या रूपासमोर हिंदी शब्द लिहून मोकळे होता. चूक त्याच्या उत्तरात नाही, तुम्ही दिलेल्या अर्थात आहे.

याचं एखादं पूर्ण उदाहरण मिळेल का?

झारखंड आणि आसपासच्या राज्यांत बोलल्या जाणाऱ्या संताळी भाषेतलं ‘आम्ही/आपण’ घेऊ. मराठीत आपल्याला दोन शब्द आहेत. ऐकणारा सोडून बाकीचे असतील तर ‘आम्ही’, ऐकणाऱ्यासकट असेल तर ‘आपण’. हिंदीत दोन्हींसाठी एकच ‘हम’. संताळीत मात्र चार रूपं आहेत, कारण तिथे द्विवचनही आहे:

आलाङ म्हणजे आपण दोघं, मी आणि तू.
आलिञ म्हणजे आम्ही दोघं, मी आणि तो, तू नाहीस.
आबो (किंवा आबोन) म्हणजे आपण सगळे, तुझ्यासकट.
आले म्हणजे आम्ही सगळे, तुला सोडून.

आता समजा तुम्ही ‘हम कल जाएँगे’ असं सांगून भाषांतर मागितलं. यातलं कोणतंही रूप आलं तरी ते बरोबरच आहे. वर आणखी एक घोळ आहे. झारखंड-बिहारच्या बोलण्यातल्या हिंदीत ‘हम’चा अर्थ सर्रास ‘मी’ असा होतो. म्हणजे ‘इञ’, अर्थात ‘मी’, हेसुद्धा बरोबर उत्तर ठरतं. एका प्रश्नाला पाच उत्तरं, आणि पाचही खरी.

माझं झालं ते असं. तीन वेगवेगळ्या दिवशी मी एकाच संताळी बाईला हेच वाक्य विचारलं आणि तीन वेगळी रूपं मिळाली. मी समासात लिहून ठेवलं: ‘पर्यायी रूपं, अर्थात फरक नाही’. वास्तविक फरक त्या दिवशी खोलीत कोण बसलं होतं त्याचा होता. पहिल्या दिवशी आम्ही दोघीच होतो. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ शेजारी बसली होती. तिसऱ्या दिवशी अर्धं अंगण भरलं होतं. तिने दर वेळी समोर दिसणारी माणसं धरून उत्तर दिलं होतं. ध्वनिमुद्रणात मागचे आवाज ऐकू येत होते म्हणून हे पुढे उलगडलं, नाहीतर ती समासातली नोंद तशीच छापून गेली असती.

मग ‘हम’ऐवजी ‘हम लोग’ विचारलं तर?

‘मी’ हा अर्थ गळेल, एवढाच फायदा. पण ‘लोग’मुळे डोळ्यांसमोर घोळका उभा राहतो आणि द्विवचनाची रूपं येईनाशी होतात. ‘हम दोनों’ म्हटलं तर द्विवचन येईल, पण ऐकणारा आत की बाहेर हे मोकळंच राहील. शिवाय ‘दोन’ हा शब्द तुम्हीच पुरवलेला असल्यामुळे उत्तरातही संख्यावाचक शब्द येईल आणि द्विवचनाचं रूप एरवी त्याच्याशिवाय वापरतात की नाही हे कळणार नाही. मधल्या भाषेतलं वाक्य घासूनपुसून लख्ख केलं की प्रश्न सुटेल, असं सगळ्यांनाच वाटतं. तो एक सापळा आहे. वाक्य जितकं नेमकं कराल तितकं भाषांतर त्या वाक्याला चिकटत जातं.

मग विचारायचं कसं?

वाक्य द्यायचं नाही, परिस्थिती द्यायची. आणि परिस्थितीचं वर्णन करताना ज्या शब्दाचा शोध घ्यायचा आहे तो शब्दच टाळायचा. सगळी मेख इथे आहे.

‘हम’च्या बाबतीत हे सोपं जातं, कारण माणसांना नावं असतात. समजा तुमच्यासोबत सोम आणि फूलो नावाची दोन माणसं बसली आहेत आणि तुम्ही सोमशी काम करता आहात. हिंदीत एवढंच सांगायचं: “सोम दादा, आप और फूलो कल गाँव जाएँगे। मैं यहीं रहूँगी। मुझे पता नहीं है। मुझे बताइए।” या सांगण्यात ‘हम’ कुठेही नाही. कोण जाणार, कोण राहणार, कोण कोणाशी बोलतंय आणि ऐकणाऱ्याला आधी काय माहीत आहे, हे सगळं आहे. सोमला काही भाषांतर करायचं नाही, त्याला मला एक गोष्ट सांगायची आहे.

अशा पाच परिस्थिती तयार करायच्या. सोम एकटा जाणार. सोम आणि मी जाणार. सोम आणि फूलो जाणार, मी राहणार. सोम, फूलो आणि मी, तिघंही जाणार. सोम, फूलो आणि आणखी एक जण जाणार, मी राहणार. क्रिया पाचही ठिकाणी एकच ठेवायची, काळ एकच ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट हलली पाहिजे, नाहीतर रूप कशामुळे बदललं हे सांगता येत नाही.

शक्य असेल तर सोमने मला सांगण्याऐवजी फूलोला सांगावं. बाहेरून आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाशी बोलताना सगळेच जण वाक्यं सोपी करतात. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, सर्वनामासकट. दोन भाषक एकमेकांशी बोलले की तो सोपेपणा गळतो.

आणि ऐकताना सुट्या सर्वनामावरच थांबू नका. संताळीत कर्त्याची खूण क्रियापदाच्या आधीच्या शब्दाला किंवा खुद्द क्रियापदाला छोट्या तुकड्याच्या रूपाने चिकटते. त्यामुळे सुटं सर्वनाम बोलण्यात अनेकदा येतच नाही. ‘आबो कुठे गेलं?’ म्हणून तुम्ही शोधत बसता आणि ‘बो’ आधीच्या शब्दाच्या शेपटीला लटकत असतो.

पाच परिस्थितींत पाच रूपं मिळाली. काम झालं ना?

अर्धं झालं. आलाङ हे ‘आपण दोघं’साठी वापरतात एवढं कळलं. ते फक्त त्यासाठीच वापरतात का, हे कळलं नाही. दोन माणसांसाठी अनेकवचनाचं रूप चालून जातं की नाही, हा प्रश्न उरतोच. काही भाषांमध्ये द्विवचन सक्तीचं असतं, काहींत केलं तर उत्तम, नाही केलं तरी कोणी टोकत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत उलटं करायचं. ‘मी’ सोडून चार रूपं, चार परिस्थिती, म्हणजे सोळा जोड्या. त्यातल्या चार जुळणाऱ्या, बारा न जुळणाऱ्या. या बारा जोड्यांमध्येच खरी माहिती दडलेली असते. “फूलो आणि सोम जाणार आहेत, मी राहणार आहे. सोमने मला असं सांगितलं तर?” असं म्हणून न जुळणारं वाक्य त्यांच्याच भाषेत म्हणून दाखवायचं. आदल्या दिवशी त्यांनी दिलेलं वाक्यच वापरायचं, स्वतः जुळवलेलं नाही. नकार आला तर रूपाची हद्द कळली. होकार आला तर तोही तितकाच मोलाचा.

सोळाही जोड्या एका बैठकीत करू नका. मी पाच-सहा करते, मध्ये भलतीच वाक्यं पेरते, उरलेल्या दुसऱ्या दिवशी. आणि निदान दोन-तीन भाषकांसोबत, वेगवेगळ्या क्रमाने.

एक खबरदारी. परिस्थितीत कोणती माणसं घालता याचाही परिणाम होतो. संताळीत सासू-सासरे आणि जावई-सुना यांच्या नात्यात एकाच माणसाशी आदराने बोलताना द्विवचन वापरण्याची रीत नोंदलेली आहे. तुम्ही नेमकी ती जोडी निवडलीत तर आकड्यांचं गणित बिघडल्यासारखं दिसेल. वास्तविक तो व्याकरणाचाच आणखी एक भाग असतो, फक्त तुम्ही त्याचा प्रश्न विचारलेला नसतो. मराठीत ‘आपण’ हे ‘तुम्ही’च्या जागीही येतं, हे आठवलं म्हणजे याचं नवल वाटणार नाही.

“हे बरोबर आहे का?” असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. काय करू?

म्हणणारच. तुम्ही पाहुणे आहात, शिकलेले आहात, त्यांची भाषा तोडकीमोडकी का होईना बोलायचा प्रयत्न करता आहात. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. शिवाय ‘बरोबर’ हा शब्दच शाळेतला आहे. तो ऐकला की माणूस स्वतःच्या तोंडच्या भाषेऐवजी ‘शुद्ध’ भाषा शोधू लागतो.

मी होय-नाही विचारतच नाही. तीन पर्याय देते: असंच म्हणाल; कळेल, पण तुम्ही स्वतः असं म्हणणार नाही; असं कोणीच म्हणत नाही. मधला पर्याय दिला की लोक एकदम मोकळे होतात, कारण त्यात माझा अपमान होत नाही. पाठोपाठ विचारायचं, “मग तुम्ही कसं म्हणाल?” ती दुरुस्ती सगळ्यात मोलाची. कुठला तुकडा बदलला यावरून अडचण कुठे होती ते कळतं.

नकार आला तरी तो कशाला आहे हे पाहावं लागतं. आपल्याच भाषेतली तीन वाक्यं बघा. ‘मी पुस्तक वाचला.’ हे व्याकरणातच चुकलं. ‘आपण उद्या जातोय, तू मात्र इथेच थांब.’ यातला एकेक तुकडा मराठीत निर्दोष आहे, पण ‘आपण’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला थांब म्हणता येत नाही. ‘म्हशीने मांजर खाल्लं.’ हे व्याकरणदृष्ट्या ठाकठीक, फक्त म्हशी असं करत नाहीत. तिन्ही वाक्यांना भाषक ‘छे, असं नाही’ एवढंच म्हणेल. वहीत तिघांसमोर एकच फुली मारलीत तर पुढे तुम्ही तिसऱ्या वाक्यावरून व्याकरणाचा नियम काढून बसाल. म्हणून विचारायचं: “हे कधीच म्हणता येणार नाही, की एखाद्या वेळी म्हणता येईल?” म्हशीच्या वाक्याला उत्तर येतं, “गोष्टीत म्हणता येईल.” पहिल्याला तसं उत्तर येत नाही.

आणखी एक युक्ती. भाषकाने आधीच्या आठवड्यात स्वतःहून खोडून काढलेलं एखादं वाक्य अधूनमधून परत विचारा. तेही “चालेल” म्हणून पास झालं, तर त्या दिवशीचा होकार कामाचा नाही. दमलेत, कंटाळलेत किंवा घरी काम आहे. वही मिटा आणि गप्पा मारा.

भाषांतर करून घेणं पूर्णच बंद करायचं का?

नाही. पहिल्या आठवड्यात दुसरं हाती काहीच नसतं. शब्दयाद्या, ध्वनींचा अंदाज, क्रियापदांची ढोबळ रूपं यांसाठी भाषांतर चालतं. लिसा मॅथ्यूसन यांनी 2004 मध्ये अर्थविषयक क्षेत्रकार्याच्या पद्धतीवर लिहिताना जी भूमिका मांडली, ती मला पटते: भाषांतर हा अर्थाचा धागादोरा आहे, अर्थ नव्हे. भाषक जे हिंदी वाक्य देतो ते एक निरीक्षण म्हणून लिहून ठेवा. त्यावरून ‘या रूपाचा अर्थ अमुक’ असा निष्कर्ष मात्र परिस्थिती तपासल्याशिवाय काढू नका. तसंच, “या प्रत्ययाचा अर्थ काय?” असं भाषकाला विचारू नका. ‘बरं का’मधल्या ‘का’चा अर्थ काय, असं तुम्हाला कोणी विचारलं तर काय सांगाल?

भाषांतराची दिशाही महत्त्वाची आहे. हिंदीतून त्यांच्या भाषेत जाण्यापेक्षा त्यांच्या भाषेतून हिंदीत येणं कमी धोक्याचं. निदान मूळ वाक्य तरी अस्सल असतं.

परिस्थिती मधल्या भाषेतच सांगितली तर तिचा रंग लागत नाही का?

लागतो, पण वाक्याच्या भाषांतराइतका नाही. दोन-तीन वाक्यांत परिस्थिती सांगितली आणि मग “आता काय म्हणाल?” विचारलं की त्यात नक्कल करण्यासारखं एकच वाक्य नसतं. भाषा थोडी येऊ लागली की परिस्थितीही त्याच भाषेत सांगा. नाहीतर भाषक एकदा ती आपल्या शब्दांत दुसऱ्याला समजावून सांगू देत. त्यातही चांगले नमुने मिळतात, आणि परिस्थिती नीट समजली आहे का हेही कळतं.

क्रम मात्र पाळा. आधी परिस्थिती, मग वाक्य. वाक्य आधी ऐकलं की भाषक त्याला शोभेल अशी परिस्थिती कल्पून बसतो आणि मग तुम्ही काय सांगता तिकडे त्याचं लक्ष नसतं.

परिस्थितीत काय काय हवं, हे भाषेनुसार बदलतं. तुर्कीचं उदाहरण घ्या. ‘आला’ याला तिथे दोन रूपं. बोलणाऱ्याने येताना पाहिलं असेल तर ‘गेल्दी’. ऐकलं असेल किंवा दारातल्या चपला बघून ताडलं असेल तर ‘गेल्मिश’. मराठीतून ‘तो आला’चं भाषांतर मागितलं तर बहुधा ‘गेल्दी’ येईल, आणि दुसरं रूप आहे हेच कळणार नाही. म्हणून परिस्थिती लिहिताना कोण, कोणाला, केव्हा एवढ्यावर भागत नाही. बोलणाऱ्याला हे कळलं कसं, हेही त्यात घाला. ज्या भाषेबद्दल काहीच माहीत नाही तिथे ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘ताडलं’ अशा तिन्ही परिस्थिती एकदा करून बघितलेल्या बऱ्या. तिन्हींत एकच रूप आलं तर एक दुपार गेली, एवढंच.

चित्रं आणि चित्रफिती दाखवल्या तर मधली भाषा लागणारच नाही ना?

कमी लागते. मेलिसा बावरमन आणि एरिक पेडरसन यांनी 1992 च्या सुमारास तयार केलेली 71 रेखाचित्रांची मालिका अजून जगभर वापरतात. पेला टेबलावर, सफरचंद भांड्यात, अंगठी बोटात, अशी चित्रं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: ही वस्तू कुठे आहे? मराठीत टेबलावरचा पेलाही ‘वर’ आणि भिंतीवरचं चित्रही ‘वर’. दुसऱ्या भाषेत ती दोन टोकं असू शकतात, आणि भाषांतर मागितलं असतं तर तुमच्या ‘वर’ने ती झाकली असती. प्रश्न मात्र त्यांच्याच भाषेत विचारायचा. ते एक वाक्य पाठ करून जा.

सलग बोलण्यासाठी वॉलेस चेफ यांच्या चमूने 1975 मध्ये केलेली, संवाद नसलेली सुमारे सहा मिनिटांची पेअरच्या टोपलीची चित्रफीत वापरतात. ती बघून जे निवेदन मिळतं त्यात कोणतंच वाक्य तुम्ही पुरवलेलं नसतं.

मर्यादा अशी की चित्र वाचणं हीसुद्धा शिकलेली गोष्ट आहे. चौकटीमागून चौकट म्हणजे वेळ पुढे सरकला, हे सगळ्यांना आपोआप कळत नाही. मग गोष्टीऐवजी ‘इथे एक मुलगा, इथे एक कुत्रा’ अशी यादी हाती येते. आणि ‘आला नसता तर’ किंवा ‘यायला हवं होतं’ यांचं चित्र काढता येत नाही. तिथे परत बोलून सांगितलेल्या परिस्थितीकडेच यावं लागतं.

शब्दयादीत तरी गोंधळ नसेल?

असतो. अवयवांचे शब्द विचारून बघा. ‘हात’ म्हणजे मनगटापुढचा पंजा की खांद्यापासूनचा सगळा भाग, हे मराठी शब्दात ठरलेलं नाही. स्वतःचा हात दाखवून विचारलंत तर ‘तुमचा हात’ असं उत्तर येऊ शकतं. ज्या भाषांत अवयवाचं नाव मालकाच्या खुणेशिवाय उच्चारताच येत नाही, तिथे तुम्ही तो सगळा तुकडा ‘हात’ म्हणून लिहिता. ‘माझा’, ‘तुझा’, ‘तिचा’ तिन्ही विचारा आणि ‘डोळा’, ‘कान’ यांनाही तसंच करा. सगळीकडे सारखा येणारा तुकडा कोणाचा, ते मग दिसतं.

दुभाष्या बरोबर असेल तर?

दुभाष्या बहुधा मदत म्हणून वाक्य ‘सुधारतो’. आजी तीन वाक्यं बोलतात आणि तो एक सांगतो. त्याला आधीच स्पष्ट सांगा की गोळाबेरीज नको, अडखळणंसुद्धा हवं. मुद्रणावरून नंतर दुसऱ्या भाषकाकडून उलट भाषांतर करून घ्या. तुम्ही मूळ प्रश्न काय विचारला होता, हे त्याला कळता कामा नये. त्याचं हिंदी आणि तुमचं मूळ हिंदी जिथे जुळत नाही, तिथे खूण करा. ‘हम कल जाएँगे’ विचारलं होतं आणि परत येताना ‘हम दोनों जाएँगे, तुम नहीं’ असं आलं, तर माझ्या चुकीसारखी चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते.

ग्रियर्सन यांनी तर सगळीकडे एकच गोष्ट भाषांतर करून घेतली होती. ते चुकीचं होतं का?

1894 मध्ये सुरू झालेल्या आणि 1928 मध्ये पूर्ण झालेल्या, ग्रियर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात उधळ्या पुत्राची बोधकथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली गेली. एकच मजकूर असल्यामुळे तुलना सोपी झाली, आणि त्या गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामं, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात, हे तिच्या निवडीचं कारण होतं. पण ग्रियर्सन यांना भाषांतराचा धोका ठाऊक होता. म्हणूनच दुसरा नमुना भाषांतर नसलेला, जागच्या जागी मिळालेला मजकूर असावा अशी योजना होती, आणि तिसरा नमुना शब्द-वाक्यांच्या यादीचा. आज त्या खंडांकडे गेलात तर आधी दुसरा नमुना वाचा आणि मग पहिला. दोन्हींत वाक्यांचा क्रम किंवा जोडशब्द वेगळे दिसले, तर तो फरक भाषांतराने आणला असण्याची शक्यता पडताळून बघा.

माझ्या वहीत मधल्या भाषेचा रंग उतरलाय हे ओळखायचं कसं?

त्याच भाषकाने सांगितलेली, कोणी काही न विचारता आलेली दहा मिनिटांची गोष्ट मुद्रित करा आणि वहीतल्या वाक्यांशेजारी ठेवा. मी तीन गोष्टी बघते. गोष्टीत कर्ता किती वेळा गाळलाय आणि वहीत किती वेळा. ‘कि’, ‘लेकिन’, ‘अगर’ असे उसने जोडशब्द कुठे जास्त आहेत. आणि वहीतल्या वाक्यांचा शब्दक्रम माझ्या प्रश्नाच्या क्रमाशी किती वेळा तंतोतंत जुळतो. उसने शब्द गोष्टीतही तितकेच असतील, तर ते आता त्या भाषेचेच आहेत, त्यांना गाळू नका. वहीतच भरमार असेल, तर ते तुम्ही नेऊन ठेवलेत.

आधीच दोनशे वाक्यं भाषांतराने गोळा केली आहेत. टाकून देऊ?

टाकू नका, पण प्रत्येकासमोर ते कसं मिळालं ते लिहा: हिंदीतून भाषांतर, परिस्थिती देऊन, चित्रावरून, गप्पांत आपोआप, की तुम्ही म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली. तुमचा मूळ प्रश्न शब्दशः लिहा, आणि आठवत असेल तर त्या वेळी खोलीत कोण कोण होतं तेही. मग त्यातून ज्या वाक्यांवर तुमच्या व्याकरणातला एखादा नियम उभा आहे तेवढीच बाजूला काढा. ती बहुधा वीस-पंचवीस निघतात. पुढच्या खेपेला फक्त त्यांनाच परिस्थिती देऊन परत विचारा, आणि सुरुवात एकाच प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली होती अशा वाक्यांपासून करा.